टॉन्सिल काढल्यावर दुसरा आठवडा सांभाळा

टॉन्सिलचं ऑपरेशन झालेलं मूल घरी येतं तेव्हा सगळं घर त्याच्याभोवती असतं. आजी उशाशी बसते, आई रजा काढते, औषधाची वेळ चुकत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मूल उठून खेळायला लागतं, चिवडा मागतं, भावंडाशी भांडतं. मग आईची रजा संपते, औषधाच्या बाटल्या फडताळात जातात आणि कुणीतरी म्हणतं, चला, आता दोन दिवस गावी जाऊन येऊ. कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून मला पालकांना कळकळीने सांगायचं आहे ते याच वळणाबद्दल. ऑपरेशननंतर घरी होणाऱ्या रक्तस्रावाचा मुख्य काळ साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाचा असतो. मूल बरं दिसू लागतं, त्याच सुमाराला तो सुरू होतो.

याचं कारण समजलं की पुढच्या सगळ्या सूचना आपोआप लक्षात राहतात. टॉन्सिल काढल्यावर घशात दोन्ही बाजूंना जखम उघडीच राहते, तिथे सहसा टाके घालत नाहीत. एक-दोन दिवसांत तिच्यावर पांढरा-पिवळट थर धरतो. गुडघा फुटल्यावर खपली धरते तशीच ही खपली आहे, फक्त ओल्या जागेवर असल्यामुळे पांढरी दिसते. पालक टॉर्च लावून बघतात आणि घशात पू झाला म्हणून घाबरतात. तो पू नसतो. त्या थरामुळे तोंडाला घाण वास येतो, तोही आठ-दहा दिवस राहतो आणि जातो. हा थर बोटाने, कापसाने किंवा चमच्याने पुसायचा नाही. घशात बोट घालून हळद लावण्याची रीत अजून काही घरांत आहे. ती या दोन आठवड्यांत कटाक्षाने टाळा. पाचव्या दिवसानंतर हा थर आपोआप सुटायला लागतो. तो सुटताना खालची एखादी रक्तवाहिनी उघडी पडली, तर रक्त येतं. बहुतेक मुलांना असं होत नाही. शंभरातल्या दोन-चार मुलांना होतं, आणि आपलं मूल त्यांत असेल का हे आधी सांगता येत नाही.

एक उदाहरण धरून चालू. मुलगी सहा वर्षांची आहे, पहिलीत जाते, वजन २० किलो. दिवाळीच्या सुट्टीत एका सोमवारी ऑपरेशन झालं आणि मंगळवारी ती घरी आली. मंगळवारी ती गुंगीत आणि थोडी चिडचिडी असेल. बुधवार ते शुक्रवार दुखणं सर्वांत जास्त असेल. शनिवारपासून पुढच्या गुरुवारपर्यंत खपली सुटण्याचे दिवस. त्यानंतरच्या सोमवारी दोन आठवडे पूर्ण होतात. भिंतीवरच्या कालदर्शिकेत हे दिवस पेनाने घेरून ठेवा, म्हणजे घरातल्या प्रत्येकाला ते दिसतील.

आधी दुखण्याचं बघू, कारण दुखणं आवरलं नाही तर मूल गिळत नाही. गिळलं नाही तर घसा कोरडा पडतो, कोरडा घसा आणखी दुखतो, आणि मूल तोंड मिटूनच घेतं. म्हणून पहिले चार-पाच दिवस दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे औषध द्यायचं. रडू लागल्यावर दिलेलं औषध लागू पडायला अर्धा-पाऊण तास घेतं, आणि तोवर मूल काही गिळायला तयार नसतं.

मुख्य औषध पॅरासिटॅमॉल. एका वेळचा डोस वजनावर ठरतो: दर किलोला १५ मिलिग्रॅम. आपल्या २० किलोच्या मुलीला एका वेळी ३०० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, चोवीस तासांत चार वेळा, त्याहून जास्त नाही. आता बाटलीवरचा मजकूर नीट वाचा, कारण गोंधळ इथेच होतो. आपल्याकडे हे सिरप वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. एकात ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात १२० मिलिग्रॅम. पहिल्याचे ६ मिली दिले की ३०० मिलिग्रॅम होतात. दुसऱ्याचे साडेबारा मिली द्यावे लागतात. घरात जुनी कमी ताकदीची बाटली असेल आणि सवयीने तेवढेच साडेबारा मिली नव्या बाटलीतून दिले, तर डोस दुपटीहून जास्त जातो, आणि तो असाच जात राहिला तर यकृताला इजा होऊ शकते. उलट चूक झाली तर अर्ध्याहून कमी औषधावर मूल रात्रभर कण्हत राहतं. म्हणून घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून ‘या बाटलीतले इतके मिली’ असं लिहून घ्या. स्वयंपाकघरातल्या चमच्याने मोजू नका, चमचे सारखे नसतात. बाटलीसोबतचं मापाचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.

याच्या जोडीला बहुतेक डॉक्टर आयब्युप्रोफेन देतात. ५ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ५ ते १० मिली या वजनाला चालतात. दोन डोसांमध्ये सहा ते आठ तास जाऊ द्यायचे आणि पोटात काहीतरी असताना द्यायचं. रक्तस्रावाच्या शंकेने काही सर्जन ते टाळतात, दमा असलेल्या मुलाच्या बाबतीतही विचार करावा लागतो, आणि पाणी फार कमी जात असेल तर त्याचा मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. तुमच्या डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच द्या. पॅरासिटॅमॉल आणि आयब्युप्रोफेन एकत्र असलेलं सिरपही दुकानात सर्रास मिळतं. ते देत असाल तर वरून वेगळं पॅरासिटॅमॉल द्यायचं नाही. सर्दी-तापाच्या अनेक औषधांतही पॅरासिटॅमॉल असतं, त्यामुळे या काळात नाक वाहतंय म्हणून तीही परस्पर देऊ नका.

काही औषधं मात्र नकोतच. अॅस्पिरिन मुलांना द्यायचं नाही, त्याने रक्त पातळ होतं. निमेसुलाइडला बारा वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे, तरी जुन्या बाटल्या घराघरांत सापडतात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तर हातही लावू नये असं आहे. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार वेगाने बनतं आणि झोपेत श्वास मंदावतो. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर असे मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये याबद्दल सर्वांत कडक इशारा दिला. ज्या मुलांचे टॉन्सिल घोरण्यामुळे आणि झोपेत श्वास अडण्यामुळे काढलेले असतात, त्यांना हा धोका अधिक. ट्रॅमाडॉललाही हेच लागू.

पहिल्या दोन-तीन रात्री मधल्या डोससाठी मुलीला उठवायचं का, असं आया विचारतात. मी म्हणते, उठवा, औषध द्या, दोन घोट पाणी पाजा आणि परत झोपवा. रात्रभर तोंड उघडं राहून घसा सुकतो, म्हणून सकाळचं दुखणं सर्वांत वाईट असतं. रात्रीचा डोस चुकला तर ही सकाळ आणखी जड जाते. चौथ्या दिवशी मुलगी कान दुखतो म्हणेल. कानात काही झालेलं नसतं. घसा आणि कान यांची संवेदना नेणारी एक नस सामाईक आहे, त्यामुळे घशाची कळ कानात जाणवते. कानात तेल किंवा औषध घालायची गरज नाही, घशासाठी दिलेलं औषधच त्यालाही लागू पडतं.

पहिले दोन दिवस अंग थोडं गरम लागणं, १०० पर्यंत ताप येणं हे नेहमीचं आहे. १०१ फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा दोन दिवसांनंतरही उतरला नाही, तर डॉक्टरांना फोन करा. अॅडेनॉइडही काढले असतील तर आवाज काही दिवस नाकातून येतो, पाणी पिताना क्वचित नाकातून बाहेर येतं, ते ओसरतं. मान मात्र एका बाजूला वाकडी धरून ठेवली आणि सरळच करता येईना, तर दाखवायला हवं.

आता खाण्याचं. आधी पिण्याचं बघा, खाणं नंतर. घन अन्न तीन-चार दिवस कमी गेलं तरी काही बिघडत नाही, थोडं वजन उतरतं आणि महिन्याभरात भरून निघतं. पाणी कमी गेलं तर मात्र मूल दोन दिवसांत सलाइनसाठी परत रुग्णालयात येतं. २० किलोच्या मुलीला दिवसाला सुमारे दीड लिटर द्रव लागतो, त्यात दूध, पेज, वरणाचं पाणी, ताक सगळं धरायचं. एकदम पेला पुढे केला की ती तोंड फिरवेल. त्यापेक्षा जागेपणी दर तासाला अर्धी वाटी, घोटाघोटाने. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने पिण्याचा आणि जेवणाचा प्रयत्न करा, त्या वेळात घसा सर्वांत कमी दुखतो. आठ तासांत लघवी झाली नाही, लघवी गर्द पिवळी झाली, ओठ सुकले, रडताना डोळ्यांत पाणी येईना किंवा मूल मलूल पडून राहिलं, तर ते पाणी कमी पडल्याचं लक्षण आहे, डॉक्टरांना दाखवा.

थंड द्यायचं की नाही यावरून घरात वाद होतात. आजी म्हणते, घशाचं ऑपरेशन आणि आइसक्रीम? द्या, खुशाल द्या. थंडाने जखमेची ठसठस कमी होते आणि त्याने जखम चिघळत नाही. थंड दूध, कुल्फी, गोड ताजं दही, बर्फाचा बारीक चुरा सगळं चालतं. कुणाला कोमट आवडत असेल तर कोमट द्या. कढत मात्र काही नको: चहा, सूप, नुकतीच उतरवलेली खिचडी थोडी निवू द्या. मऊ गुरगुट्या भात आणि तूप, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, तांदळाची पेज, शिरा, दुधात भिजवलेली पोळी, इडली, केळं, उकडलेलं अंडं, हे सगळं पहिल्या दिवसापासून चालतं. फक्त पातळ पदार्थांवरच ठेवायची गरज नाही. चावून गिळण्याने घशाचे स्नायू हलते राहतात, जखमेवर अन्न आणि लाळ साचून राहत नाही. दुसऱ्या आठवड्यात मूल मागेल तसं नेहमीचं जेवण सुरू करा.

टाळायचं ते तिखट, आंबट आणि टोकदार. लिंबू, संत्रं, चिंच, टोमॅटोचं सार यांनी जखम झोंबते. दिवाळीच्या दिवसांत प्रश्न येतो तो फराळाचा. चकली, कडक शेव, चिवड्यातले भाजके पोहे आणि दाणे, शंकरपाळे, कडक टोस्ट, पापड यांचे कोपरे खपलीला लागतात. दोन आठवडे हे डबे मुलीच्या हाताला येणार नाहीत असे ठेवा. बेसनाचा मऊ लाडू दुधात कालवून द्या, तिलाही सणाचं काही मिळालं पाहिजे. आणखी एक गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही: लाल रंगाचं काही देऊ नका. कोकम सरबत, बीट, डाळिंबाचा रस, लाल गोळा, लाल जेली. मुलीला उलटी झाली आणि ती लाल दिसली, तर ते सरबत की रक्त हे तुम्हाला ओळखता येणार नाही आणि आम्हालाही फोनवर सांगता येणार नाही. औषधाचं सिरप गुलाबी किंवा लाल असेल तर तो रंगही लक्षात ठेवा.

गुळण्या डॉक्टरांनी सांगितल्या असतील तर हलक्या हाताने. जोरात खळखळून, मान मागे टाकून गुळण्या करू नयेत. खाऊन झाल्यावर दोन घोट साधं पाणी पिणं बहुतेकांना पुरतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहिते आहे ती. पहिल्या दिवशी थुंकीत गुलाबीसर रेघ दिसली तर घाबरू नका. त्यानंतर लालभडक ताजं रक्त दिसलं, एक चमचाभर असो की तोंडभर, तर लगेच रुग्णालय गाठायचं. अॅडेनॉइड काढलेल्या मुलाच्या नाकातून ताजं रक्त आलं तरी तेच. थुंकीतलं रक्त सहज दिसतं. अवघड असतं ते गिळलेलं रक्त ओळखणं. रात्री मूल झोपेत असताना रक्त घशातून पोटात जातं आणि बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून पाचव्या ते दहाव्या रात्री मुलीजवळ झोपा. ती झोपेत सारखी घुटके घेत असेल, गिळण्याचा आवाज पुन्हा पुन्हा येत असेल, तर दिवा लावा, तिला उठवून बसवा आणि टॉर्चने घशात बघा. चमच्याने जीभ दाबायची नाही, फक्त ‘आ’ म्हणायला सांगा. पांढरा थर दिसला तर ठीक. त्याच्या जागी काळसर-लाल गाठ दिसली, मागून रक्त ओघळताना दिसलं, उशीवर डाग असेल, किंवा तपकिरी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर पोटात रक्त गेलेलं आहे. मूल पांढरंफटक पडलं, हातपाय गार झाले, घाम आला तर रक्त बरंच गेलं आहे असं समजा.

अशा वेळी तिला बसतं करा आणि पुढे वाकवा, म्हणजे रक्त घशात न उतरता तोंडातून बाहेर पडेल. समोर तसराळं किंवा वाडगं धरा, त्यात थुंकायला सांगा. हे वाडगं सोबत घेऊन चला, किती रक्त गेलं याचा अंदाज आम्हाला त्यावरून येतो. उताणं झोपवू नका. घशात कापूस, बोळा, बोट काहीही घालू नका. खायला-प्यायला देऊ नका, दूधही नाही, कारण रक्त थांबवण्यासाठी पुन्हा भूल द्यावी लागू शकते आणि पोट रिकामं असलेलं बरं. घरात गाडी तयार नसेल किंवा रक्त जोरात येत असेल तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यातही याच नंबरवर रुग्णवाहिका मिळते.

रस्त्यात रक्त थांबलं तर गाडी परत फिरवू नका. रक्त थोडं येतं, आपोआप थांबतं, आणि काही तासांनी जोरात सुरू होतं, असं अनेकदा घडतं. म्हणून पहिलं थोडं रक्तही आम्ही गंभीरपणे घेतो आणि मुलाला निदान एक रात्र रुग्णालयात नजरेखाली ठेवतो.

कुठे जायचं हे मात्र त्या रात्री शोधायचं नसतं. ऑपरेशन झालेलं रुग्णालय दिवसाच चालत असेल, तर घरी येतानाच विचारून घ्या: रात्री दोन वाजता रक्त आलं तर आम्ही कुठे यायचं? कान-नाक-घशाचा सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय रात्रीही असलेलं रुग्णालय हवं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन तिथून पुढे पाठवण्यात जो वेळ जातो, तो मुलाचा असतो. पत्ता आणि फोन डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहून ठेवा, आणि कार्ड घरात सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा.

दोन आठवडे लांबचा प्रवास नको म्हणते ते यासाठीच. ऑपरेशन सुट्टीत करण्याची पद्धत चांगली आहे, शाळा बुडत नाही. पण दिवाळीत किंवा मे महिन्यात ऑपरेशन करून सातव्या दिवशी कोकणातल्या गावी, मावशीच्या लग्नाला किंवा भाऊबीजेला निघालं, की जवळचं रुग्णालय तीन तासांवर जातं. भावाला आपल्या घरी बोलवा. गाव पुढच्या सुट्टीत करा.

शाळेचं सोपं आहे. आपल्या उदाहरणातली मुलगी ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या सोमवारी, म्हणजे दोन आठवड्यांनी शाळेत जाऊ शकते. काही मुलं दहाव्या दिवसानंतर लगेचही तयार असतात. तारखेपेक्षा तीन गोष्टी बघा: ती नेहमीसारखं खाते-पिते का, दुखण्याचं औषध न घेता दिवस जातो का, आणि रात्री नीट झोपते का. तिन्हींना हो असेल तर पाठवा. खपली सुटण्याच्या दिवसांत मात्र शाळा नको, अगदी चाचणी परीक्षा असली तरी. त्या दिवसांत वर्गातल्या सर्दी-खोकल्याचा संसर्गही नको असतो. दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत पळापळ, पी.टी., पोहणं, कबड्डी बंद. शाळेत गेल्यावर पहिला आठवडा पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी, डब्यात मऊ पोळी-भाजी असावी, आणि बाईंना चिठ्ठीत लिहून द्यावं की तोंडातून रक्त आलं तर तिला झोपवू नका, बसवून पुढे वाकवा आणि आधी मला फोन करा.

ऑपरेशनची तारीख ठरवताना सर्जनला तारीख विचाराल, खर्च विचाराल, भूल कुणी देणार ते विचाराल. त्याच वेळी घरातल्या माणसांशी बसून हेही ठरवा की पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत रात्री मुलाजवळ कोण झोपणार आणि गाडी कोण काढणार. ज्या घरात हे आधी ठरतं, त्या घरातून मूल वेळेत आमच्यापर्यंत पोहोचतं, आणि वेळेत पोहोचलेल्या मुलाचं रक्त आम्ही थांबवू शकतो.